नफ्याच्या कॉलममध्ये उणे २२५ टक्के? तोट्यातून नफ्यात आल्यावर टक्केवारी काढायची कशी

खतावणी

नमस्कार मंडळी, अकाउंट्सवाल्यांची जरा मदत हवीये. आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, सांगलीजवळ, पंपांचे सुटे भाग बनवतो. ऑडिटच्या आधी शेठना एक पानी तुलना लागते, मागचं वर्ष, हे वर्ष, फरक आणि शेवटी टक्के. दरवर्षी तीच शीट, फॉर्म्युला खाली ओढला की झालं. पण मागच्या वर्षी आम्हाला १८.४० लाख तोटा होता आणि यंदा २३ लाख नफा झालाय, टॅक्स वगैरे सगळं जाऊन. फॉर्म्युला नेहमीचाच आहे:

```
=(C12-B12)/B12
```

उत्तर येतंय -225%. शेठनी लाल आकडा बघितला आणि म्हणाले, अगं आपण खड्ड्यातून वर आलो ना, मग हे सव्वादोनशे टक्के खाली कुठून गेलो? मी म्हटलं बघून सांगते. त्याच्याच खाली एक्सपोर्टची ओळ आहे, मागच्या वर्षी शून्य, यंदा ६४ लाख, तिथे तर #DIV/0! आलंय. दोन्ही ठिकाणी नक्की काय लिहायचं? हेच पान पुढे ऑडिटरकडे आणि बँकेत पण जाणार आहे म्हणून घाबरतेय.

तांबडा_पांढरा

काही घाबरू नका ताई, दोन मिनिटांचं काम. खालच्या आकड्याला ABS लावा:

```
=(C12-B12)/ABS(B12)
```

म्हणजे अधिक २२५ येईल, शेठ खूश. आणि एक्सपोर्टला १०० टक्के लिहून टाका, काहीच नव्हतं आणि आता आहे म्हणजे शंभर टक्के वाढ, साधी गोष्ट. आमच्याकडे सगळे असंच करतात.

खतावणी

ABS लावून बघितलं, आलं २२५. चिन्ह बरोबर आलं पण मग २२५ टक्के म्हणजे कशाचे २२५ टक्के? शेठ विचारतीलच.

बे_एके_बे

विचारायलाच हवं त्यांनी. मी शाळेत गणित शिकवतो, अकाउंट्समधलं फार कळत नाही, पण इथे काय घडतंय ते सांगतो. वर तुमचा फरक ४१.४० लाख, तो अधिक आहे, बरोबर आहे, सुधारणा झालीये. खाली उणे १८.४०. अधिकला उणेने भागलं की उत्तर उणे. म्हणजे मागचा आकडा उणे असला की हा फॉर्म्युला दिशाच उलटी सांगतो, सुधारणा झाली तर उणे आणि बिघाड झाला तर अधिक. समजा यंदा तोटा वाढून ३६.८० लाख झाला असता तर तुमच्या शीटने अधिक १०० टक्के दाखवलं असतं, हिरव्या रंगात.

ABS ने दिशा सरळ होते एवढं खरं. पण आकड्याच्या आकाराचं काय? त्यात गडबड तशीच राहते असं मला वाटतं. जाणकार सांगतील.

तांबडा_पांढरा

सर दिशा सरळ झाली की काम झालं ना. आकार आकार काय करायचंय.

जुनाजाणता

तांबडा-पांढरा, अर्धं बरोबर आहे तुमचं म्हणून अर्ध्यावरच थांबा. मी बरीच वर्षं प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे सविस्तर लिहायला वेळ आहे.

एका कंपनीच्या दोन शाखा धरा. पहिली मागच्या वर्षी ९० लाख तोट्यात होती, यंदा १० लाख नफ्यात आली. दुसरी मागच्या वर्षी फक्त १ लाख तोट्यात होती, यंदा तीही १० लाख नफ्यात. पहिलीने १०० लाखांची सुधारणा केली, दुसरीने ११ लाखांची. आता ABS लावून टक्के काढा. पहिलीचे येतात १११, दुसरीचे येतात ११००. म्हणजे जिने नवव्या हिश्श्याएवढं काम केलं ती दसपट पुढे दिसते. या यादीवरून कुणी मॅनेजरला बोनस वाटला तर काय होईल ते तुम्हीच बघा. आणि असा बोनस वाटलेला मी पाहिलाय.

कारण काय, तर मागचा तोटा जितका लहान तितका खालचा आकडा लहान, आणि खालचा आकडा लहान म्हणजे टक्के मोठे. अधिक आकड्यांच्या बाबतीत याला अर्थ असतो, कारण लहान धंद्याने तेवढेच रुपये जास्त मिळवले तर ती त्याच्या मानाने खरंच मोठी झेप असते. पण १ लाख तोटा म्हणजे लहान धंदा नव्हे. तो ५० कोटींचा धंदाही असू शकतो, फक्त त्या वर्षी येणं आणि जाणं जवळजवळ सारखं पडलं. नफा ही मुळात वजाबाकी आहे. दोन मोठ्या आकड्यांमधली ती उरलीसुरली फट, ती कधी या बाजूला पडते कधी त्या. अशा फटीला मोजपट्टी करून दुसरी फट मोजायची म्हणजे पायरीवरच्या सावलीने भिंत मोजण्यासारखं आहे, सकाळी एक उत्तर, दुपारी दुसरं.

खतावणी, शेठनी विचारलं कशाचे २२५ टक्के, तर उत्तर आहे मागच्या तोट्याचे. म्हणजे "आपण मागच्या तोट्याच्या सव्वादोन पट वर आलो." वाक्य चुकीचं नाही पण ते ऐकून कुणी काय करणार?

खतावणी

काका खूप छान समजावलंत. म्हणजे टक्के लिहायचेच नाहीत का?

जुनाजाणता

त्या एका ओळीत नाही लिहायचे. फरकाच्या कॉलममध्ये ४१.४० लाख आहेच, तोच खरा आकडा. टक्क्यांच्या जागी "तोट्यातून नफा" असे शब्द लिहा. ब्रोकरांच्या रिपोर्टमध्ये अशा ठिकाणी एन.एम. लिहिलेलं असतं ते बघितलं असेल, अर्थ लागत नाही एवढंच त्याचं म्हणणं.

हिंजवडी_फेज_३

हे मोठ्या कंपन्यांत पण दिसतं. टाटा मोटर्स घ्या. २०२१-२२ मध्ये एकत्रित तोटा ११,४४१ कोटी, २०२२-२३ मध्ये नफा २,४१४ कोटी, २०२३-२४ मध्ये नफा ३१,३९९ कोटी (भागधारकांच्या वाट्याचे आकडे). काकांचं लॉजिक लावलं तर पहिल्या उडीत सुधारणा १३,८५५ कोटी आणि ABS ने टक्के १२१. दुसऱ्या उडीत सुधारणा २८,९८५ कोटी आणि टक्के १२००. रुपयांत दुसरी उडी पहिलीच्या जेमतेम दुप्पट, टक्क्यांत दसपट. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या उडीत तर काही उणे नाहीच, दोन्ही वर्षं नफ्याची, तिथे फॉर्म्युला एकदम कायदेशीर आहे. म्हणजे उणे नसलं तरी हा घोळ होतोच की.

जुनाजाणता

अगदी बरोबर पकडलंत. रोग उणेचा नाहीच, रोग शून्याजवळ असण्याचा आहे. आकडा शून्याच्या जवळ सरकायला लागला की टक्के फुगायला लागतात, बरोबर शून्यावर एक्सेल हात वर करतं, आणि पलीकडे गेलं की चिन्ह उलटून परत फुगलेलेच. लोक #DIV/0! बघून दचकतात, पण तो बिचारा प्रामाणिक आहे. मागच्या वर्षी नफा २० हजार आणि यंदा ५ लाख, तिथे २४०० टक्के येतात आणि कुणी हूं की चूं करत नाही, ते जास्त धोक्याचं.

बॅरल_बुडाला

मला यावरून क्रूड आठवलं. २० एप्रिल २०२०, अमेरिकेतला डब्ल्यूटीआय क्रूडचा मे महिन्याचा वायदा. आदल्या व्यवहाराच्या दिवशी १८.२७ डॉलरला बंद होता, त्या रात्री उणे ३७.६३ ला सेटल झाला. स्क्रीनवर उणे ३०६ टक्के. मी तेव्हा म्हणत होतो की कुठलीही गोष्ट १०० टक्क्यांपेक्षा जास्त पडूच कशी शकते, १०० टक्के पडली म्हणजे शून्य, संपलं. पण बॅरल घेऊन जायला वर पैसे द्यायची वेळ आली होती, साठवायला जागाच नव्हती.

आणि खरी मजा दुसऱ्या दिवशी. तोच वायदा १०.०१ ला सेटल झाला, म्हणजे ४७.६४ डॉलर वर. आता याचे टक्के काढा. साध्या फॉर्म्युल्याने उणे १२७, ABS ने अधिक १२७. म्हणजे पडला ५६ डॉलर तर ३०६ टक्के, चढला जवळपास ४८ डॉलर तर १२७ टक्के. कुणाला काय समजायचं यातून? आपल्याकडे एमसीएक्सवर पण त्या एप्रिलच्या वायद्याचा शेवटचा भाव उणे २,८८४ रुपये धरला गेला होता, ज्यांनी खरेदी करून ठेवली होती त्यांना विचारा टक्के, रुपयेच मोजत बसले ते.

बे_एके_बे

बॅरलराव, यात एक फरक करायला हवा. १८.२७ वरून उणे ३७.६३, इथे मागचा आकडा अधिक आहे, त्यामुळे उणे ३०६ टक्के याला गणिती अर्थ आहे. मूळ किमतीच्या तिप्पटीहून जास्त रक्कम गेली, एवढंच. १०० टक्क्यांची मर्यादा फक्त अशा गोष्टींना जी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, उदाहरणार्थ वर्गातली मुलं. भाव किंवा नफा खाली जाऊ शकतो, मग पडझडही १०० च्या पलीकडे जाऊ शकते. बिघडतं ते दुसऱ्या दिवशीचं गणित, कारण तिथे मागचा आकडा उणे.

हिंजवडी_फेज_३

सर म्हणजे नफ्यातून तोटा असेल तर टक्के लिहायला हरकत नाही? समजा ५० लाख नफा होता, २० लाख तोटा झाला, तर उणे १४० टक्के?

बे_एके_बे

गणित म्हणून काहीच हरकत नाही.

जुनाजाणता

मला हरकत आहे सर. गणित म्हणून नाही, वाचणाऱ्याच्या बाजूने. ५० वरून उणे २० म्हणजे १४० टक्के घट. पुढच्या वर्षी उणे २० वरून परत ५० वर आलात तर ABS ने ३५० टक्के वाढ. जाताना आणि येताना रस्ता तोच ७० लाखांचा. वाचणारा म्हणतो १४० पडले आणि ३५० चढले म्हणजे आपण आधीपेक्षा पुढे आहोत, प्रत्यक्षात आहात तिथेच. म्हणून मी दोन्ही वर्षी शब्दच लिहितो, "नफ्यातून तोटा" आणि "तोट्यातून नफा", चिन्ह बदललं की टक्के बंद.

बे_एके_बे

पण त्यात चूक दुसऱ्या वर्षाच्या टक्क्यांची आहे, पहिल्याची नाही. चांगल्या आकड्याला वाईट आकड्याची शिक्षा कशाला? उणे १४० वाचून मला निदान एवढं कळतं की सगळा नफा गेला आणि वर त्याच्या ४० टक्के तोटा झाला. "नफ्यातून तोटा" वाचून ते कळत नाही.

जुनाजाणता

ते फरकाच्या कॉलममध्ये कळतं सर. असो, यावर आमच्या ऑफिसातही एकमत नव्हतं.

चष्मेबहाद्दर

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच गुंतागुंत करताय. जीडीपीचं बघा, २०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीत उणे २४.४ टक्के आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत अधिक २०.१ टक्के. मग यात टक्केवारीत वाढ किती, ४४.५ टक्के की उणे १८२ टक्के? तिथे सरकार काय करतं ते बघा आणि तेच नफ्याला लावा.

बे_एके_बे

चष्मेबहाद्दर, तो वेगळा प्रश्न झाला. तिथे जीडीपी स्वतः कधीच उणे नव्हता, फक्त वाढीचा दर उणे होता. स्थिर किमतींना जीडीपी २०१९ च्या त्या तिमाहीत साधारण ३५.६६ लाख कोटी, २०२० मध्ये २६.९५, २०२१ मध्ये ३२.३८. सगळे आकडे अधिक, प्रत्येक टक्का आधीच्या वर्षाच्या अधिक आकड्यावर काढलेला, काहीच अडत नाही. आणि एका दराला दुसऱ्या दराने भागून टक्के काढायचेच नसतात. तुम्हाला कळायचं असेल की परत वर आलो का, तर ३२.३८ ला ३५.६६ ने भागा, ०.९१ येतं, म्हणजे तेव्हा अजून ९ टक्के खालीच होतो. उणे २४ आणि अधिक २० मिळून उणे ४ असं नाही होत.

चष्मेबहाद्दर

अच्छा, मी खरंच वजाबाकी करत होतो. पण मग प्रश्न तसा सारखाच आहे ना?

तांबडा_पांढरा

नाही हो सारखा 😄 बरं, एक्सपोर्टच्या १०० टक्क्यांचं काय झालं, त्यावर कुणी बोललंच नाही.

जुनाजाणता

बोलतो. शून्यावरून ६४ लाखाला १०० टक्के लिहिलंत, मग शून्यावरून ६ हजार झाले असते तरी १०० टक्केच. आणि त्याच पानावर एखादी ओळ ३२ लाखांवरून ६४ लाखांवर गेली असेल तर तिलाही १०० टक्के. तीन वेगळ्या गोष्टी, एकच आकडा. वाचणारा १०० टक्के बघून डोक्यात पटकन अर्धं करतो आणि म्हणतो मागच्या वर्षी ३२ लाखांचा एक्सपोर्ट होता. नव्हता ना! तिथे "नवीन" लिहा.

त्याहून वाईट म्हणजे IFERROR ची सवय, म्हणजे एरर आली की गपचूप शून्य दाखव. मग ६४ लाखांच्या नव्या धंद्यापुढे ०% दिसतं, आणि कुणी पान चाळताना म्हणतं एक्सपोर्टमध्ये काही बदल नाही. एरर झाकायची तर रिकामी जागा किंवा आडवी रेघ दाखवा, शून्य कधीच नाही, कारण शून्य हे सुद्धा एक उत्तर आहे आणि ते इथे खोटं आहे.

विदा_वाला

एक पर्याय कुणी मांडला नाही. दोन्ही आकड्यांच्या सरासरीने भागायचं. म्हणजे खाली फक्त मागचं वर्ष नाही, दोन्ही वर्षांचे ABS घेऊन त्यांची सरासरी. शून्यावर अडत नाही, जाताना येताना टक्के सारखे येतात, जुनाजाणता काकांची ५० आणि उणे २० वाली तक्रार पण मिटते. आम्ही मॉडेलमध्ये असंच काहीतरी वापरतो.

बे_एके_बे

विदा_वाला, खतावणीच्या आकड्यांवर करून बघा. १८.४० आणि २३ ची सरासरी २०.७०, फरक ४१.४०, उत्तर २०० टक्के. आता जुनाजाणतांच्या शाखा घ्या. ९० आणि १० ची सरासरी ५०, फरक १००, उत्तर २००. १ आणि १० ची सरासरी ५.५, फरक ११, उत्तर २००. शून्य आणि ६४ पण २००. चिन्हं उलटी असली की फरक म्हणजेच दोन्ही ABS ची बेरीज, म्हणून उत्तर कायम २००, आकडे काहीही असोत. म्हणजे अडत नाही हे खरं, पण बोलतही काही नाही.

विदा_वाला

हम्म. हे कधी हाताने करून बघितलं नव्हतं. दोन्ही अधिक असतील तेव्हा ठीक चालतं म्हणून पुढे ढकलत राहिलो.

डाळिंब_बाग

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, दोन्ही वर्षं तोट्यातच आहोत बाबांनो, तुमच्यासारखं नशीब नाही. मागच्या वर्षी ४० लाख, यंदा २५ लाख. आमचं काय? सीए म्हणाला उणे ३७.५ टक्के लिहा, सभासद म्हणाले अजून खाली गेलो का.

जुनाजाणता

तुमचं सोपं आहे दादा. दोन्ही वर्षी तोटाच आहे तर ओळीचं नाव "नफा" ठेवू नका, "तोटा" ठेवा, आणि आकडे अधिकच लिहा, ४० आणि २५. मग उणे ३७.५ म्हणजे तोटा ३७.५ टक्क्यांनी कमी, सभासदांना सरळ कळेल. पुढच्या वर्षी नफ्यात आलात की मात्र हे बंद. आणि तोटा लाखभरावर आला की त्याचेही टक्के वाऱ्यावर जातील, ते ध्यानात ठेवा.

खतावणी

काका, शेठना आज सांगून बघितलं, "तोट्यातून नफा" लिहिलेलं आवडलं. पण म्हणाले, एवढं झालं कशामुळे ते पण एका आकड्यात सांग. आणि दुसरी अडचण ऑडिटरची. ते म्हणतात रेशोच्या नोटमध्ये २५ टक्क्यांपेक्षा जास्त बदल असेल तर कारण द्यावं लागतं. आमचा नेट प्रॉफिट रेशो मागच्या वर्षी उणे २, यंदा अधिक २ टक्के (विक्री ९.२० कोटी होती, ११.५० कोटी झाली). बदल किती टक्के लिहू, उणे २०० की अधिक २००?

जुनाजाणता

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात. ऑडिटर म्हणतात ते कंपनी कायद्याच्या शेड्यूल थ्रीमधलं आहे, मार्च २०२१ च्या दुरुस्तीने आलं, अकरा रेशो द्यायचे आणि मागच्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांवर बदल झाला तर स्पष्टीकरण. उणे आकडा पाया असेल तर काय हे त्या ओळीत सांगितलेलं नाही. पण तुमचा २०० या बाजूने घ्या नाहीतर त्या बाजूने, २५ च्या कितीतरी वर आहे, म्हणजे स्पष्टीकरण द्यायचंच. मी असतो तर बदलाच्या रकान्यात ABS वाला २०० लिहून खाली एक ओळ टाकली असती की पाया उणे असल्याने टक्केवारी तुलनेला उपयोगी नाही, रेशो ४ पॉइंटने सुधारला. उणे २ वरून अधिक २, चार पॉइंट. याला शून्याची भीती नाही, चिन्हाची नाही, कारण भागाकार विक्रीने झालाय आणि विक्री कायम अधिक असते.

आता शेठचं कारण. नफा वजाबाकी आहे म्हटलं ना, मग वजाबाकी उघडा. विक्री ९.२० वरून ११.५० कोटी, वाढ २५ टक्के. सगळा खर्च टॅक्स धरून मागच्या वर्षी ९.३८४ कोटी, यंदा ११.२७ कोटी, वाढ २०.१ टक्के. या दोन्ही टक्क्यांना पूर्ण अर्थ आहे कारण दोन्हीकडे पाया मोठा आणि अधिक. विक्री २५ ने वाढली, खर्च २० ने, म्हणून तोट्याचा नफा झाला. आता खर्चातही खाली उतरा, माल, मजुरी, वीज, व्याज, कुठला खर्च विक्रीइतका वाढला नाही ते बघा, बहुतेक एखाद दुसऱ्या ओळीतच उत्तर सापडेल. स्पष्टीकरणात तेच लिहायचं, आणि ६४ लाखांचा एक्सपोर्ट त्या २.३० कोटींच्या वाढीत आहे तेही.

रेशोवरून आणखी एक, तुम्हाला लागू नसेल पण ज्यांचं नेटवर्थच उणे आहे त्यांनी बघा. नेटवर्थ उणे ५० लाख आणि वर्षाचा तोटा १० लाख, रिटर्न ऑन इक्विटी काढला की उणे भागिले उणे, अधिक २० टक्के. बुडत्या कंपनीचा रिटर्न झकास. शीट यात एररही देत नाही.

खतावणी

बापरे. खर्चात बघते, मला वाटतं व्याज आणि जॉबवर्कच असेल, यंदा एक मशीन आपलं घेतलं. फॉर्म्युला पण द्या ना कुणी, सगळ्या ओळींना एकच चालेल असा.

हिंजवडी_फेज_३

हे घ्या:

```
=IF(B12>0, C12/B12-1,
 IF(B12=0, "नवीन",
 IF(C12>0, "तोट्यातून नफा", "तोटा")))
```

मागचा आकडा अधिक असेल तरच टक्के, बाकी शब्द. नफ्यातून तोट्याला हा टक्केच देईल, म्हणजे बे_एके_बे सरांच्या बाजूने आहे 😀 काकांचं हवं असेल तर AND(B12>0, C12<0) ची एक अट वर टाका.

विदा_वाला

दोन गोष्टी बघा यात. दोन्ही वर्षी शून्य असलेल्या ओळीला पण हा "नवीन" म्हणेल. आणि रिकामा सेल एक्सेलला शून्यच दिसतो, म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा टाकायचा राहिला असेल तरी "नवीन" येईल, एररने निदान लक्ष तरी जायचं. शिवाय कॉलम मोठ्यापासून लहान असा सॉर्ट केलात तर अक्षरं सगळी वर जाऊन बसतात आकड्यांच्या, तेव्हा दचकू नका. आणि त्या कॉलमची सरासरी तर काढूच नका, अक्षरं गाळून उरलेल्यांची निघते.

खतावणी

रिकामे सेल तपासले, एक होताच, प्रोफेशनल फी टाकायची राहिली होती, आणि तो "नवीन" म्हणत होता. थँक्यू. आता शेवटचं, बँकेच्या फॉर्ममध्ये टक्क्यांच्या रकान्यात अक्षरं घेतच नाही, फक्त आकडा. तिथे?

तांबडा_पांढरा

आता तरी २२५ टाका की हो.

डाळिंब_बाग

आमच्या बँकेत रिकामं सोडलं तर फॉर्म परत आला होता, म्हणून विचारून ठेवा आधी.

जुनाजाणता

रिकामं सोडून बघा, घेत नसेल तर ABS वाला २२५ टाका, पण शेऱ्याच्या जागी १८.४० लाख तोटा आणि २३ लाख नफा हे दोन्ही आकडे लिहा, म्हणजे ब्रँचमधल्याने रकाना एकट्याने वाचू नये. आणि व्याज-जॉबवर्कचं काय निघतं ते कळवा, ऑडिटर तेच विचारणार.

बे_एके_बे

आणि ५० ते उणे २० चा वाद मी सोडलेला नाही, दिवाळीच्या सुट्टीत वेगळा धागा काढतो.